शिल्लक एक, वाटेकरी तीन: घर, प्रवास आणि कोर्स यांचा क्रम कसा लावायचा

हातातला पैसा मर्यादित आणि डोक्यात तीन मोठ्या इच्छा, अशी वेळ आली की माणसं एकमेकांना विचारतात, "आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय?" उत्तर बहुधा "घर" असं येतं आणि तिथेच विषय संपतो. घर खरोखरच सगळ्यात महत्त्वाचं असेल. पण म्हणून पहिला पैसा घरालाच जायला हवा असं काही नाही. महत्त्व ही एक गोष्ट आणि क्रम ही दुसरी. क्रम लावायचा तर विचारायचं ते हे: अमुक गोष्ट वर्षभर थांबवली, तर नेमकं काय बिघडतं?

हा लेख त्या एका प्रश्नाभोवती आहे. त्यासाठी एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. एक जोडपं आहे. महिन्याचा सगळा खर्च, त्यात भाडं १८ हजार, मिळून ५० हजार होतो आणि तो भागवून ३० हजार उरतात. बँकेत आजवर साठलेले ३ लाख आहेत. इच्छा तीन. पाच वर्षांत स्वतःचं घर. एका वर्षाचा व्यावसायिक कोर्स, ज्याची फी ३ लाख ६० हजार आहे. आणि तिच्या आईवडिलांना बरोबर घेऊन एक मोठा प्रवास, अंदाजे १ लाख ८० हजारांचा. रकमा मुद्दामच कुठल्या चलनाशिवाय लिहिल्या आहेत. तुमच्या रकमा घालून तेच गणित करता येईल.

आधी बाजूला काढायचं ते काढा

क्रम लावायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी यादीतून बाहेर काढायच्या. पहिली, महागडं कर्ज. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा तसल्याच चढ्या व्याजाचं काही डोक्यावर असेल, तर त्याची कोर्सशी किंवा प्रवासाशी तुलनाच करू नका. तुम्ही जे साठवाल त्यावर मिळणारं व्याज त्या कर्जाच्या व्याजापुढे फार तोकडं पडतं, त्यामुळे ते आधी फिटायला हवं. दुसरी, अडीअडचणीचा पैसा. आपल्या जोडप्याचा महिन्याचा खर्च ५० हजार आहे. चार महिन्यांचे २ लाख त्यांनी वेगळे ठेवले. नोकरी सहज मिळण्यासारखी नसेल किंवा घरात एकच कमावतं माणूस असेल तर सहा महिन्यांचे ठेवावे.

हे २ लाख कुठल्याही इच्छेचे नाहीत. ही ओळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेली बरी, कारण पुढे कधीतरी प्रवासाला २० हजार कमी पडतील आणि नजर नेमकी इथेच जाईल.

राहिले १ लाख हातात आणि दरमहा ३० हजार. खेळायचं ते एवढ्यावर.

रकमेऐवजी महिने लिहा

लाखांचे आकडे डोळ्यांना सरावलेले असतात, त्यामुळे ते फारसे बोचत नाहीत. म्हणून प्रत्येक इच्छेची रक्कम मासिक शिल्लकेने भागा. ३० हजारांच्या हिशोबाने कोर्स १२ महिन्यांचा, प्रवास ६ महिन्यांचा. घराचं थोडं उकलून पाहायला लागेल. त्यांना हवं तसं घर आज ६० लाखांना आहे. त्याच्या वीस टक्के म्हणजे १२ लाख स्वतःचे घालावे लागतील. नोंदणी, कागदपत्रं, सामान हलवणं आणि किरकोळ कामं यांचे ३ लाख धरले. एकूण १५ लाख, म्हणजे ५० महिने.

या ३ लाखांकडे विशेष लक्ष द्या. घरासाठी साठवणारी माणसं डाउन पेमेंटचा आकडा पाठ म्हणून दाखवतात, पण चावी हातात येईपर्यंत वर जो खर्च होतो तो धरतच नाहीत, आणि ऐनवेळी तो दुसऱ्या कशातून तरी काढावा लागतो.

एकूण बेरीज झाली ६८ महिने. हातातल्या १ लाखाने त्यातले तीनेक महिने कमी होतात. म्हणजे सगळं आजच्या भावात मिळालं तरी पाच वर्षांच्या आत तिन्ही गोष्टी होत नाहीत, आणि घराचे भाव तर पाच वर्षं थांबणार नाहीत. हे आकडे समोर आले की "जमेल सगळं हळूहळू" हे वाक्य आपोआप मागे पडतं.

महिन्यांत मोजण्याचा आणखी एक फायदा आहे. कुठल्याही निर्णयाची किंमत त्याच मापात सांगता येते. प्रवासात थोडं चांगलं हॉटेल घेतलं आणि ६० हजार वाढले, तर घर दोन महिने लांबलं. हे वाक्य नवराबायकोच्या बोलण्यात आलं की वाद पुष्कळ कमी होतात, कारण "उधळपट्टी" आणि "चिकटपणा" हे शब्द लागत नाहीत.

इच्छेचा गाभा कुठला ते पाहा

प्रत्येक इच्छेच्या खाली एक वाक्य लिहा: हे झालं की काय बदलेल? इथे घाई करू नका, कारण बऱ्याचदा रक्कम इथेच कमी होते.

आपल्या जोडप्याने प्रवासाखाली आधी "जग बघायचं" असं लिहिलं आणि मग खोडलं. खरं कारण होतं तिच्या वडिलांचे गुडघे. ते अजून चालतात, लांबचा प्रवास झेपतो. दोन वर्षांनी झेपेल की नाही ठाऊक नाही. म्हणजे प्रवासाचा गाभा "आईवडिलांबरोबर, ते हिंडूफिरू शकतात तोवर" हा होता. चौदा दिवस आणि पाच ठिकाणं हा त्याचा गाभा नव्हता. उलट वडिलांना पाच ठिकाणांची दगदग नकोच होती. दोन ठिकाणं आणि आठ दिवस असा बेत केला तर १ लाख २० हजारांत बसतो. सहा महिन्यांचा प्रवास चार महिन्यांचा झाला आणि मूळ हेतूला धक्का लागला नाही.

कोर्सच्या बाबतीत फी कमी होत नव्हती, पण चौकशी केल्यावर ती दोन हप्त्यांत भरता येते हे कळलं: निम्मी प्रवेशाच्या वेळी, निम्मी सहा महिन्यांनी. रक्कम तीच राहिली, पण पैसे कधी लागणार ते बदललं, आणि पुढे दिसेल की त्यानेच सगळा बेत जुळला.

घराखाली दोघांनी वेगवेगळी वाक्यं लिहिली. त्याने लिहिलं, "भाडं म्हणजे वाया जाणारा पैसा." तिने लिहिलं, "घरमालकाच्या मर्जीवर दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं नाही." यातलं पहिलं कारण हिशोबाचं आहे आणि ते निम्मंच खरं आहे: कर्जाच्या सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा भाग व्याजातच जातो आणि तोही परत येत नाही. दुसरं कारण स्थैर्याचं आहे, आणि त्याला लांब मुदतीचा भाडेकरार हा तात्पुरता तरी उपाय असतो. घर थोडं लांबलं तर चालेल का, या प्रश्नाचं उत्तर यावर बरंच अवलंबून आहे.

कधी कधी वाक्य लिहिताच येत नाही, किंवा "सगळे घेतात म्हणून" असं काहीतरी येतं. अशी इच्छा यादीतून काढायची गरज नाही, पण तिला शेवटी बसवा.

वर्षभर थांबलो तर?

क्रमाचं मर्म इथे आहे. उशिराची किंमत तीन तऱ्हांची असते. काही गोष्टी उशिराने महाग होतात. काहींना उशीर झाला की मिळकत बुडते. आणि काहींची संधीच निघून जाते. मग कितीही पैसे टाकले तरी ती गोष्ट तशी होत नाही. चौथीही एक जात आहे, जिला उशिराने काहीच होत नाही, आणि आपल्या बऱ्याच इच्छा प्रामाणिकपणे पाहिलं तर तिच्यात बसतात.

घर पहिल्या जातीचं. भाव वर्षाला ५ टक्के वाढतात असं धरलं, तर १५ लाखांची गरज वर्षाने १५ लाख ७५ हजार होते. एका वर्षाच्या उशिराची किंमत ७५ हजार, म्हणजे अडीच महिने. शिवाय कर्जही त्या प्रमाणात वाढतं. त्रासदायक आहे, पण घर हातातून जात नाही.

कोर्स दुसऱ्या जातीचा, जर त्याने मिळकत वाढणार असेल तर. हा "जर" तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोर्स चालवणारे काय सांगतात ते बाजूला ठेवा. तो करून दोनेक वर्षं झालेली तीन-चार माणसं शोधा आणि त्यांना दोनच गोष्टी विचारा: पगार प्रत्यक्षात किती वाढला, आणि वाढायला किती महिने लागले. आपल्या जोडप्याला उत्तरं मिळाली ती महिन्याला ५ ते १० हजारांच्या दरम्यानची, कोर्स संपल्यावर सहा महिन्यांच्या आत. १० हजार वाढले तर ३ लाख ६० हजारांची फी ३६ महिन्यांत वसूल होते. ५ हजार वाढले तर ७२ महिने लागतात. एकाच कोर्सबद्दलच्या या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणती खरी ठरेल ते आज माहीत नाही. म्हणून दोन्ही आकडे घेऊन पुढे जायचं. चांगला तेवढा उचलायचा, हा मोह टाळायचा.

कोर्स निव्वळ आवडीचा असेल, मिळकतीशी त्याचा संबंध नसेल, तर त्यात गैर काही नाही. फक्त तो "गुंतवणूक" म्हणून यादीत चढवू नका. तो प्रवासाच्या रांगेतला.

प्रवास, या घरापुरता, तिसऱ्या जातीचा आहे. पैशांत पाहिलं तर उशिराने विशेष बिघडत नाही. पण वडिलांचे गुडघे थांबणार नाहीत. डॉक्टरांशी बोलून त्यांनी दीड वर्षाची मुदत धरली. हाच प्रवास दोघांनीच करायचा असता तर तो थेट चौथ्या जातीत गेला असता.

दोन-दोन समोरासमोर

आता दोघांनी वेगळं बसून, एकमेकांचा कागद न पाहता, जोड्या लावायच्या. प्रश्न एकच: या दोघांतली एक गोष्ट वेळेवर होणार आणि दुसरी तीन वर्षं मागे जाणार, कुठली मागे गेली तर जास्त सलेल? घर की कोर्स, कोर्स की प्रवास, घर की प्रवास. तीन इच्छांना तीन जोड्या होतात. सहा इच्छा असतील तर पंधरा होतात, आणि आठव्या-नवव्या जोडीनंतर माणूस कंटाळून काहीही लिहितो. त्यामुळे यादी चारपाचांवर आणून मगच बसा.

महत्त्वाला इतके गुण, निकडीला इतके गुण, मग गुणाकार आणि बेरीज, अशी कोष्टकं पुष्कळ फिरतात. मला ती पटत नाहीत. ज्याला घर हवंय तो घर वर येईपर्यंत गुण बदलत राहतो आणि मग आकड्यांकडे बोट दाखवतो. जोडीच्या प्रश्नात अशी लपायला जागा नसते.

एक गंमत मात्र होऊ शकते. घर कोर्सच्या वर, कोर्स प्रवासाच्या वर आणि प्रवास पुन्हा घराच्या वर, असं चक्र तयार होतं. याचा अर्थ तुमचं डोकं गोंधळलंय असा नाही. प्रत्येक जोडीत तुम्ही वेगळ्या गोष्टीला तोलत होतात: एकदा पैशांना, एकदा भीतीला, एकदा आईवडिलांच्या वयाला. अशा वेळी मागच्या पायरीवरच्या उशिराच्या नोंदी समोर ठेवून तीच जोडी पुन्हा लावा. चक्र बहुतेक सुटतं.

इथे तिच्या कागदावर प्रवास, कोर्स, घर असा क्रम आला आणि त्याच्या कागदावर कोर्स, घर, प्रवास. कोर्स दोघांकडे घराच्या वर आहे, म्हणजे तेवढा भाग मिटला. भांडण फक्त प्रवासाच्या जागेचं. ते चर्चेने सोडवण्याआधी कॅलेंडरला विचारून पाहायचं, कारण पुष्कळदा ते आपणच उत्तर देतं.

कॅलेंडरवर पैसा मांडा

मोह होतो तो समान वाटणीचा: तिघांना दहा-दहा हजार, कुणाची नाराजी नको. करून पाहा. प्रवासाचे १ लाख २० हजार वर्षभरात जमतात, तो जमला. पण कोर्सला दरमहा १० हजार आणि हातातला १ लाख लावूनही २६ महिने लागतात, आणि घराचे १५ लाख जमायला १५० महिने, म्हणजे साडेबारा वर्षं, तीही भाव वाढले नाहीत असं समजून. समान वाटणीत सगळ्यात लहान इच्छा तेवढी वेळेवर होते आणि मोठ्या दोन्ही रखडतात.

त्याऐवजी महिन्यांची एक ओळ काढायची, प्रत्येक महिन्याखाली शिल्लक लिहायची आणि पैसे द्यायचे दिवस तिच्यावर खुणेने मांडायचे. कोर्सचा प्रवेश सहाव्या महिन्यात, तेव्हा १ लाख ८० हजार. दुसरा हप्ता बाराव्या महिन्यात, तेवढाच. या तारखा आपल्या हातात नाहीत. प्रवासाची तारीख आपल्या हातात आहे, फक्त अठराव्या महिन्याच्या आत हवी.

तिची इच्छा होती प्रवास आधी उरकावा. पाचव्या महिन्यात हातात १ लाख अधिक पाच महिन्यांचे दीड लाख, असे अडीच लाख असतात. प्रवासाचे १ लाख २० हजार गेले की १ लाख ३० हजार उरतात आणि सहाव्या महिन्याअखेर १ लाख ६० हजार होतात. फीला २० हजार कमी. दोन हप्त्यांच्या मध्ये, सातव्या-आठव्या महिन्यात प्रवास केला तरी बाराव्या महिन्यात तेवढेच २० हजार कमी पडतात. प्रवास शेवटी गेला की मात्र जुळतं: सहाव्या महिन्यात २ लाख ८० हजार जमतात, फी जाऊन १ लाख उरतो, बाराव्या महिन्यात पुन्हा २ लाख ८० हजार, दुसरा हप्ता जाऊन पुन्हा १ लाख, तेराव्या महिन्यात १ लाख ३० हजार. तेव्हा प्रवास. दीड वर्षाच्या मुदतीत तो आरामात बसतो आणि कुणाची इच्छा मागे टाकावी लागत नाही. कोर्समध्ये त्या सुमारास सुट्टी आहे की नाही तेवढं आधी पाहून ठेवायचं.

आधीचे दोन्ही बेत केवळ २० हजारांनी फसत होते हे लक्षात घ्या. एवढ्याशासाठी अडचणीच्या पैशांत हात घालणारी माणसं पुष्कळ भेटतात. तारीख हलवून जे काम फुकटात होतं ते आधी करून पाहावं.

चौदाव्या महिन्यापासून सगळे ३० हजार घराला. तेराव्याअखेर उरलेले १० हजारही त्यातच.

मग घर किती लांबलं?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. कोर्सला १२ महिने आणि प्रवासाला ४ महिने गेले, म्हणजे घर १६ महिने लांबलं असं वाटतं. प्रत्यक्ष मांडून पाहू. बचतीवरचं व्याज मुद्दाम धरलेलं नाही. ते मिळालं तर फायद्यातच.

काहीही न करता पहिल्या दिवसापासून सगळं घराला लावलं असतं, तर वाढत्या भावाला गाठायला ६१ महिने लागले असते. हा आकडा मापाला घ्या.

कोर्स केला, प्रवास केला आणि पंचविसाव्या महिन्यापासून मिळकत १० हजारांनी वाढली, ती सगळी घराला लावली, तर चोविसाव्या महिन्याअखेर ३ लाख ४० हजार असतात आणि तिथून दरमहा ४० हजार जातात. गरजेची रक्कम पासष्टाव्या महिन्यात गाठली जाते. म्हणजे घर चारच महिने लांबलं.

मिळकत ५ हजारांनीच वाढली तर बहात्तरावा महिना उजाडतो. अकरा महिने उशीर. आणि कोर्सचा काहीच उपयोग झाला नाही तर त्र्याऐंशीवा. बावीस महिने उशीर, सोळा नव्हे, कारण तुम्ही मागचे पैसे भरून काढत असता तेव्हा घराचा भाव पुढे सरकत असतो.

हे तीन आकडे त्या जोडप्याने एकमेकांसमोर ठेवायचे आणि विचारायचं: सगळ्यात वाईट झालं, बावीस महिने लांबलं, तर चालेल का? चालणार असेल तर क्रम पक्का. चालणार नसेल तर कोर्स खाली येईल किंवा घराचा आकार लहान होईल. चांगल्या आकड्यावर क्रम ठरवला की वाईट आकडा आल्यावर दोघांपैकी एकजण दुसऱ्याला बोल लावतो.

आता एक पायरी जी जवळपास सगळे गाळतात. डाउन पेमेंट जमलं म्हणजे घर परवडलं असं होत नाही. हप्ता झेपला तर परवडलं. ८ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर एक लाख कर्जाला महिन्याचा हप्ता साधारण ८३६ येतो. एकसष्टाव्या महिन्यात तेच घर ७७ लाखांच्या आसपास असेल, कर्ज साडेएकसष्ट लाखांचं, हप्ता ५१ हजार ४००. भाडंही त्याच वेगाने वाढून २३ हजारांवर गेलेलं असेल आणि पगारवाढ ते भागवत असेल. वाचलेलं भाडं आणि ३० हजारांची शिल्लक मिळून ५३ हजार. म्हणजे सरळ घराकडे धावलं तर हप्ता भरून हातात हजार-दोन हजार उरतात. एखादी गळकी पाइपलाइन दुरुस्त करायला निघाली तरी पंचाईत.

कोर्सनंतर १० हजार वाढलेल्या वाटेवर, पासष्टाव्या महिन्यात, हप्ता ५२ हजार ३०० आणि हातात ६३ हजार ४००. अकरा हजारांची मोकळीक. आणि कोर्स फुकट गेलेल्या वाटेवर त्र्याऐंशीव्या महिन्यात हप्ता ५६ हजार ३०० होतो, हातात ५५ हजार २००. म्हणजे डाउन पेमेंट जमूनही ते घर घेता येत नाही. लहान घर बघावं लागेल.

या आकड्यांतून क्रम नुसता दिसत नाही, त्याचं कारणही दिसतं. त्यांचं घर मिळकतीवर अवलंबून आहे आणि मिळकत कोर्सवर. एक इच्छा दुसरीची पायरी असेल तर ती आधी येते, मग महत्त्वात ती कितीही खाली असो. तुमच्या यादीत अशी जोडी आहे का, ते प्रत्येक इच्छेपुढे "ही झाली तर दुसरी कुठली सोपी होते?" असं विचारून पाहा.

ठरलेला क्रम टिकवायचा कसा

प्रत्येक इच्छेचं खातं वेगळं ठेवा, निदान नोंद तरी वेगळी. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती झाली पाहिजे. वर्षा-दीड वर्षात लागणारा पैसा, म्हणजे इथे फी आणि प्रवास, शेअर बाजारात नको. ऐन फी भरायच्या आठवड्यात बाजार पडला तर प्रवेश थांबत नाही तुमच्यासाठी. घराच्या पैशाला वेळ जास्त आहे, पण घराची तारीख दोन-तीन वर्षांवर आली की तोही सुरक्षित जागी सरकवावा.

अचानक येणाऱ्या पैशांचं आधीच ठरवून ठेवा. बोनस, जुनी येणी, कुणी दिलेली भेट. पैसा आल्यावर ठरवायला बसलं की तो सगळ्यात जवळच्या मोहाला जातो. या जोडप्याने ठरवलं: पहिल्या तेरा महिन्यांत जे येईल ते आधी दुसऱ्या हप्त्याला, म्हणजे प्रवास थोडा अलीकडे येईल, त्यानंतरचं सगळं घराला.

क्रम दर महिन्याला उघडून बसू नका. सहा महिन्यांनी एकदा पुरे, आणि मध्ये काही घडलं तर: मिळकत बदलली, प्रवेशाची तारीख सरकली, वडिलांची तब्येत ढासळली, घराच्या भावात मोठा चढउतार झाला. मित्राने प्रवासाचे फोटो टाकले हे यांत बसत नाही.

क्रम चुकल्याची खूण ओळखायला सोपी आहे. वरच्या इच्छेच्या खात्यातून खालच्या इच्छेसाठी पैसे काढले गेले, आणि हे दुसऱ्यांदा झालं, तर स्वतःला शिस्त लावत बसण्यापेक्षा कागद काढा. बहुधा खालची इच्छा तुमच्यासाठी कागदावर दिसते त्यापेक्षा मोठी आहे, किंवा वरची तुमची नसून दुसऱ्या कुणाची आहे.

आणि प्रवेशच मिळाला नाही तर काय, हेही आज लिहून ठेवा. इथे त्यांनी लिहिलं: प्रवेश नाकारला गेला तर सातव्या महिन्यातच प्रवास, कारण तेव्हा पैसे पुरतात आणि वाट पाहायचं कारण उरत नाही, पुढच्या प्रवेशापर्यंत एक वर्ष सगळं घराच्या खात्यात, आणि त्या वर्षात कोर्ससाठी पुन्हा अर्ज एकदाच. दुसऱ्यांदाही नाही झालं तर कोर्स यादीतून काढायचा आणि ४५ लाखांच्या आसपासचं लहान घर बघायचं, ज्याचा हप्ता आजच्या मिळकतीतही बसतो.